झिंक, डी जीवनसत्त्व, आर्जिनिन आणि जिन्सेंग: ताठरतेसाठी यांचा उपयोग नेमका कोणाला होतो?

काठावरचा

नमस्कार. माझे वय ४७ आहे. गेले दहा-अकरा महिने ताठरता पूर्वीसारखी येत नाही आणि आली तरी समागमाच्या मध्येच ओसरते. हे कोणाशी बोलायचे धाडस होत नव्हते, म्हणून तीन महिन्यांपासून एक पूरक कॅप्सूल घेत आहे. डबीवर लिहिल्याप्रमाणे दोन कॅप्सूलमध्ये एल-आर्जिनिन ४०० मिलिग्रॅम, जिन्सेंग मुळाची भुकटी १०० मिलिग्रॅम, झिंक ५० मिलिग्रॅम आणि डी जीवनसत्त्व २००० युनिट आहे. रोज दोन कॅप्सूल घेतो.

पहिले तीन आठवडे फरक जाणवला आणि मनाला उभारी आली. त्यानंतर मात्र पुन्हा पहिल्यासारखेच झाले. आता कॅप्सूल दोनाच्या चार कराव्यात का, हा माझा प्रश्न आहे. या चार घटकांपैकी कोणता कोणाला खरोखर उपयोगी पडतो, हेही जाणकारांनी सांगावे.

मोरपंख

झिंक अवश्य चालू ठेवा. माझ्या शुक्राणूंची संख्या कमी आली होती. चार महिने झिंक घेतल्यावर दुसऱ्या तपासणीत ती वाढलेली दिसली.

उन्हाळपाखरू

आर्जिनिनमागचे शास्त्र पक्के आहे. शरीरात आर्जिनिनपासून नायट्रिक ऑक्साइड तयार होतो, त्यामुळे रक्तवाहिन्या सैलावतात आणि शिस्नात रक्त भरते. जितके आर्जिनिन जास्त, तितका रक्तप्रवाह जास्त, हे उघड आहे. माझा स्वतःचा अनुभव मात्र जिन्सेंगचा आहे. मी घेतो त्या जिन्सेंगच्या कॅप्सूलचा परिणाम पाऊण तासात दिसतो. वय ५२. त्यामुळे या गोष्टींचा उपयोग होत नाही असे कोणी म्हटले, तर मला ते पटणार नाही.

गुळवेल

मी औषधनिर्माता आहे आणि रुग्णालयाच्या औषध विभागात २० वर्षांहून अधिक काळ काम केले आहे. काठावरचा, तुमच्या डबीवरचे आकडे आधी नीट पाहू, कारण तुमच्या प्रश्नाचे निम्मे उत्तर त्यांतच आहे.

आर्जिनिनपासून सुरुवात करू. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत पुरुषांना सहा आठवडे रोज ५ ग्रॅम आर्जिनिन दिले होते. ते घेणाऱ्या २९ जणांपैकी ९ जणांना सुधारणा जाणवली, तर औषध नसलेली रिकामी गोळी घेणाऱ्या १७ पैकी दोघांना. त्या ९ जणांमध्ये एक समान गोष्ट आढळली: सुरुवातीलाच त्यांच्या लघवीत नायट्रिक ऑक्साइडचे अवशेष कमी होते, म्हणजे त्यांच्या शरीरात तो मुळातच कमी तयार होत होता. त्याच सुमारास झालेल्या दुसऱ्या एका चाचणीत रोज दीड ग्रॅम दिले गेले आणि त्याचा परिणाम रिकाम्या गोळीपेक्षा वेगळा दिसला नाही.

आता तुमची कॅप्सूल पाहा. एकीत २०० मिलिग्रॅम आर्जिनिन आहे. ५ ग्रॅम गाठायचे तर रोज २५ कॅप्सूल गिळाव्या लागतील आणि त्यांबरोबर पोटात ६२५ मिलिग्रॅम झिंक जाईल, जे सरळ विषबाधेचे प्रमाण आहे. जिन्सेंगचेही तसेच. ज्या चाचणीमुळे त्याचे नाव झाले, तिच्यात कोरियन लाल जिन्सेंग ९०० मिलिग्रॅम दिवसातून तीनदा, आठ आठवडे दिले होते, म्हणजे रोज २,७०० मिलिग्रॅम. तुम्हाला मिळतात १००, आणि डबीवर नुसते ‘मुळाची भुकटी’ लिहिले आहे. ते मूळ वाफवून वाळवलेले लाल जिन्सेंग आहे की दुसरेच काही, हे त्यावरून समजत नाही.

गिळता येईल अशा मोठ्यात मोठ्या कॅप्सूलमध्येही जेमतेम ग्रॅमभर भुकटी मावते. ५ ग्रॅम आर्जिनिन म्हणजे चमचाभर कडवट भुकटी. त्यामुळे चारही घटक पुरेशा प्रमाणात एका कॅप्सूलमध्ये बसणे शक्यच नसते. ज्यांचे प्रमाण मुळातच थोडे लागते, ते झिंक आणि डी तेवढे भरपूर घातले जातात, आणि आर्जिनिन व जिन्सेंग डबीवर नाव छापता यावे इतकेच असतात.

म्हणून चार कॅप्सूल घेऊ नका. दोनमध्येही झिंक जास्तच आहे. अमेरिकेत प्रौढांसाठी अन्नातले धरून दिवसाला ४० मिलिग्रॅम ही वरची मर्यादा मानतात आणि युरोपात २५. तुम्ही नुसत्या कॅप्सूलमधूनच ५० घेत आहात.

मोरपंख, शुक्राणूंची संख्या आणि ताठरता हे दोन अगदी वेगळे प्रश्न आहेत. एकात दोष असताना दुसरे उत्तम असू शकते. शिवाय शुक्राणूंची संख्या एका तपासणीपासून दुसरीपर्यंत आपोआपही बरीच बदलते. झिंक आणि फॉलिक आम्ल एकत्र देऊन २,००० हून अधिक जोडप्यांमध्ये मोठी चाचणी झाली होती. तिच्यात ना वीर्याच्या तपासणीत सुधारणा दिसली, ना जन्मणाऱ्या मुलांच्या प्रमाणात.

उन्हाळपाखरू

डोस कमी आहे हे मान्य. पण मग भुकटी आणून पुरेसे आर्जिनिन घेतले, तर माझे म्हणणे बरोबरच ठरते ना?

गुळवेल

निम्मे बरोबर ठरते. आर्जिनिनपासून नायट्रिक ऑक्साइड होतो हे खरेच आहे. पण तोंडाने घेतलेल्या आर्जिनिनचा बराच भाग आतड्यात आणि यकृतातच मोडला जातो. निरोगी माणसाच्या रक्तात असते तेवढे आर्जिनिन त्या रासायनिक क्रियेला बहुधा पुरेसेच असते. चूल बिघडलेली असताना आणखी लाकडे आणून ठेवण्यासारखे ते आहे. मधुमेह, धूम्रपान किंवा उच्च रक्तदाब यांनी रक्तवाहिनीचे आतले अस्तर खराब झाले असेल, तर अडचण कच्च्या मालाची नसून अस्तराची असते. ज्यांच्या शरीरात खरोखर कच्चा माल अपुरा पडतो असे काही जण असतात, आणि त्या ९ जणांना बहुधा म्हणूनच गुण आला. मात्र ते कोण, हे ओळखण्याची सोपी तपासणी नेहमीच्या प्रयोगशाळेत होत नाही.

आणखी एक इशारा द्यायलाच हवा. नुकताच हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्यांना रोज ९ ग्रॅमपर्यंत आर्जिनिन देऊन पाहिलेली एक अमेरिकी चाचणी २००६ मध्ये प्रसिद्ध झाली. आर्जिनिन घेणाऱ्यांपैकी सहा जण दगावले आणि रिकामी गोळी घेणाऱ्यांपैकी एकही नाही, म्हणून ती मध्येच थांबवावी लागली. आकडा लहान असल्याने त्यावरून ठाम निष्कर्ष काढता येत नाही. तरीही झटका येऊन गेलेल्या माणसाने आर्जिनिनला हात लावू नये, असेच मी सांगेन.

दगडफूल

झिंकची दुसरी बाजूही यावी म्हणून लिहितो. लठ्ठपणासाठी माझ्या जठराची बायपास शस्त्रक्रिया झाली आहे. नंतर सांगितलेल्या पूरक गोळ्या घेण्यात मी आठ-नऊ महिने हलगर्जीपणा केला. जेवणाची चव जाऊ लागली, केस गळू लागले, पायाला झालेली साधी जखम दोन महिने भरेना, आणि लैंगिक इच्छा व ताठरता दोन्ही मावळल्या. तपासणीत झिंक खूपच खाली आले आणि टेस्टोस्टेरॉनही कमी आले. डॉक्टरांच्या देखरेखीखाली झिंक सुरू झाले. आधी चव परतली, मग जखम भरली आणि चौथ्या-पाचव्या महिन्यात बाकीचेही परतले. त्यामुळे झिंक म्हणजे पैशांची नासाडी असे सरसकट म्हणू नये, ही विनंती.

गुळवेल

तुमचे म्हणणे अगदी योग्य आहे, आणि झिंकचा उपयोग होतो तो अशाच माणसांना. झिंकच्या कमतरतेने पुरुषांची लैंगिक वाढ खुंटते, हे १९६० च्या दशकात इराण आणि इजिप्तमधल्या रुग्णांवरून डॉ. आनंद प्रसाद यांनी दाखवले. पुढे १९९६ मध्ये त्यांच्याच गटाने असे मांडले की, आहारातले झिंक कमी केल्यावर तरुणांचे टेस्टोस्टेरॉन घसरते आणि किंचित कमतरता असलेल्या वयस्कांना झिंक दिल्यावर ते वाढते. आतड्याची शस्त्रक्रिया झालेले, डायलिसिसवर असलेले, अतिमद्यपान करणारे, दीर्घकाळ जुलाबाचा आजार असलेले अशांना झिंकबद्दल विचारावे. ज्याची पातळी मुळात पुरेशी आहे, त्याला जादा झिंक देऊन टेस्टोस्टेरॉन आणखी वर चढत नाही.

लेबलवरची एक खाचही सांगून ठेवतो. २२० मिलिग्रॅम झिंक सल्फेटच्या गोळीत प्रत्यक्ष झिंक ५० मिलिग्रॅम असते, तर ५० मिलिग्रॅम झिंक ग्लुकोनेटमध्ये फक्त सातेक मिलिग्रॅम. आकडा क्षाराचा आहे की निव्वळ झिंकचा, हे पाहिल्याशिवाय दोन डब्यांची तुलना करू नये.

अबोली

मी पत्नी म्हणून लिहीत आहे. याच कारणासाठी यांनी मला न सांगता दीड वर्ष रोज १०० मिलिग्रॅम झिंक घेतले. सुरुवातीला नुसती मळमळ व्हायची. मग तळपाय बधिर होऊ लागले, आणि अंधारात चालताना तोल जाऊ लागल्यावर मी घाबरले. रक्ततपासणीत हिमोग्लोबिन आणि पांढऱ्या पेशी दोन्ही कमी निघाल्या. आधी ब१२ ची शंका घेतली गेली, पण ते ठीक होते. शेवटी एका डॉक्टरांनी ‘आणखी कोणत्या गोळ्या घेता?’ असे विचारले, तेव्हा झिंकचे नाव निघाले. तांबे मोजले, तर ते जवळजवळ नव्हतेच. जास्तीचे झिंक आतड्यातच तांब्याला अडवून ठेवते, असे त्यांनी समजावले.

झिंक बंद करून तांबे दिल्यावर रक्त दोन-तीन महिन्यांत सुधारले. तळपायांचा बधिरपणा मात्र आजही पूर्ण गेलेला नाही. ज्या कारणासाठी झिंक घेतले, त्यात तर काडीचाही फरक पडला नाही. यांनी मला आधी सांगितले असते, तर आम्ही दोघे मिळून डॉक्टरांकडे गेलो असतो, एवढेच मला वाटत राहते.

काठावरचा

अबोलीताई, तुम्ही लिहिलेत म्हणून मनापासून आभार. कॅप्सूल आजपासून बंद. तुमचा मजकूर वाचून झाल्यावर मी घरी बोललो.

पारवा

मी सामान्य वैद्यकीय व्यवसाय करतो. उन्हाळपाखरू यांच्या पहिल्या प्रतिसादातले एक वाक्य मला सतत खटकते आहे: जिन्सेंगचा परिणाम पाऊण तासात दिसतो. जिन्सेंग असे वागत नाही. ज्या चाचण्यांत थोडाफार फरक दिसला, त्यांत तो काही आठवडे रोज घेतल्यावर दिसला. कॅप्सूल घेतल्यावर चेहरा लाल होणे, नाक चोंदणे, डोके दुखणे किंवा डोळ्यांना सगळे निळसर दिसणे, असे काही होते का?

उन्हाळपाखरू

नाक चोंदते आणि डोकेही थोडे जड होते. औषध अंगी लागत असल्याची ती खूण आहे, असे मी समजत होतो.

पारवा

तर तुमच्या कॅप्सूलमध्ये, ताठरतेसाठी डॉक्टर लिहून देतात ते सिल्डेनाफिल किंवा त्याच्या जातीचे एखादे औषध गुपचूप मिसळलेले असण्याची दाट शक्यता आहे. हे सर्रास आढळते. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २००७ ते २०१६ या काळात भेसळयुक्त ठरवलेल्या ७७६ पूरक उत्पादनांपैकी ३५३ लैंगिक शक्तीसाठी विकली जाणारी होती, आणि त्यांतल्या जवळजवळ निम्म्यांत सिल्डेनाफिल सापडले. डबीवर ‘नैसर्गिक’ लिहिलेले असते आणि आत किती मिलिग्रॅम काय आहे, हे कोणालाच ठाऊक नसते. दोन कॅप्सूलमध्येही मात्रा सारखी नसते.

छातीच्या दुखण्यासाठी नायट्रेटची गोळी घेणाऱ्याच्या पोटात हे गेले, तर रक्तदाब एकदम कोसळून जीव जाऊ शकतो. तुम्हाला किंवा घरात कोणाला तशी गोळी चालू आहे का?

उन्हाळपाखरू

मला नाही. माझ्या थोरल्या भावाला आहे, जिभेखाली ठेवायची. गेल्या महिन्यात मीच त्याला या कॅप्सूलची एक डबी दिली.

पारवा

त्यांना आत्ता फोन करा आणि मग इथे लिहा. ती कॅप्सूल घेऊ नका, एवढे सांगा, आणि शेवटची केव्हा घेतली ते विचारून ठेवा. मधल्या काळात छातीत दुखले, तर जिभेखाली गोळी न ठेवता थेट रुग्णालयात जावे आणि पहिल्याच डॉक्टरांना ही कॅप्सूल घेतल्याचे सांगावे. सिल्डेनाफिल घेतल्यावर २४ तास आणि त्याच जातीचे टाडालाफिल घेतल्यावर ४८ तास नायट्रेट देत नाहीत. आत काय आहे ते माहीत नसल्याने मोठी मुदतच धरावी लागेल.

उन्हाळपाखरू

बोललो. त्याने दोनदा घेतली होती, शेवटची परवा रात्री. दुसऱ्या वेळी अंथरुणातून उठताना डोळ्यांपुढे अंधारी आली होती, पण उन्हामुळे असेल असे त्याला वाटले. आज संध्याकाळी तो डबी घेऊन हृदयरोगतज्ज्ञांकडे जाणार आहे.

गुळवेल

फार बरे केलेत. जिन्सेंगबद्दल एवढे सांगतो की ते अगदीच निकामी आहे, असे माझे मत नाही. अनेक चाचण्या एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या २०२१ च्या आढाव्यात ९ चाचण्या आणि ५८७ पुरुष होते. त्यातला निष्कर्ष असा की प्रश्नावलीच्या गुणांत होणारी वाढ रुग्णाला जाणवेल इतपतसुद्धा नसावी, मात्र समागम करता येतो असे सांगणाऱ्यांचे प्रमाण काहीसे वाढू शकते. चाचण्यांचा दर्जा बेताचा होता. त्रास सौम्य असेल, रोजची इतर औषधे नसतील आणि खात्रीचे लाल जिन्सेंग मिळत असेल, तर आठ आठवडे घेऊन पाहायला माझी हरकत नाही. रक्त पातळ ठेवणारे वॉरफरिन घेणाऱ्यांनी ते टाळावे आणि मधुमेहाची औषधे घेणाऱ्यांनी आधी डॉक्टरांना विचारावे. ‘सैबेरियन जिन्सेंग’ ही वेगळीच वनस्पती आहे. अश्वगंधालाही काही जण भारतीय जिन्सेंग म्हणतात, पण या चाचण्या तिच्या नव्हेत.

पारवा

गुळवेल, तुमचे बरेचसे मान्य, पण या आठ आठवड्यांबाबत माझा मतभेद आहे. त्या आठ आठवड्यांत माणूस तपासणी पुढे ढकलतो. शिस्नाच्या धमन्या एक-दोन मिलिमीटरच्या, हृदयाच्या तीन-चार मिलिमीटरच्या. तोच आजार बारीक धमनीत आधी दिसतो, आणि ताठरतेची तक्रार सुरू झाल्यानंतर दोन-तीन वर्षांत हृदयविकार समोर आलेले रुग्ण मी पाहिले आहेत. आधी तपासणी आणि मग जिन्सेंग, असा क्रम असेल तर माझी ना नाही.

काठावरचा, तुम्हाला तीन गोष्टी विचारतो. पहाटे जाग येते तेव्हा ताठरता असते का? रक्तदाब आणि साखर शेवटची कधी तपासली? रात्री लघवीला उठावे लागते का?

काठावरचा

पहाटेची ताठरता वर्षभरात हळूहळू कमी होत गेली आहे. रात्री दोनदा उठतो. साखर चार वर्षांपूर्वी तपासली होती.

पारवा

पहाटे नीट ताठरता येत असेल आणि फक्त समागमाच्या वेळी अडत असेल, तर कारण बहुधा मनातल्या ताणात सापडते. तुमच्या बाबतीत दोन्हीकडे हळूहळू कमी होत गेली आहे, म्हणून रक्तवाहिन्या किंवा नसांचा विचार आधी करावा लागेल. उपाशीपोटीची साखर, गेल्या तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारे एचबीए१सी, रक्तातल्या चरबीचे प्रमाण, रक्तदाब आणि सकाळी अकराच्या आत टेस्टोस्टेरॉन एवढे करून घ्या. डी करायचे असल्यास करा. झिंक मात्र आत्ता मोजू नका. तीन महिने गोळ्या घेतल्यावर येणारा आकडा काहीच सांगणार नाही.

दगडफूल

डीबद्दल कोणीच सविस्तर लिहिले नाही. कमतरता असेल तर ते घेतल्याने ताठरता सुधारते का?

गुळवेल

डी कमी असलेल्या पुरुषांमध्ये ताठरतेच्या तक्रारी अधिक आढळतात, हे अनेक पाहण्यांत दिसले आहे. पण लठ्ठपणा, मधुमेह आणि बैठी राहणी यांतही डी कमीच असते, त्यामुळे दोष नेमका कोणाचा हे वेगळे काढता येत नाही. डी देऊन केलेल्या चाचण्यांचे निकाल एकमेकांशी जुळत नाहीत. कमतरता असेल तर हाडांसाठी आणि स्नायूंसाठी ती भरून काढावीच, ताठरतेत फरक पडला तर तो वरचा लाभ समजावा. आठवड्यातून एकदा घ्यायची ६०,००० युनिटची मात्रा चुकून रोज घेणारे रुग्ण मी पाहिले आहेत. सतत तहान, बद्धकोष्ठ आणि गोंधळलेली अवस्था घेऊन ते येतात. रक्तातले कॅल्शियम वाढलेले असते आणि मूत्रपिंडालाही इजा होते.

काठावरचा

बारा दिवसांनी लिहीत आहे. एचबीए१सी ७.८ आले. रक्तदाब दोन्ही वेळा १४८/९४ च्या आसपास होता. टेस्टोस्टेरॉन सकाळचे दोनदा केले आणि दोन्ही वेळा व्यवस्थित आले. रोज २००० युनिट घेऊनही डी १७ आले. मला मधुमेह आहे हे मला ठाऊकच नव्हते.

डॉक्टरांनी मधुमेहाचे आणि रक्तदाबाचे औषध सुरू केले आहे. रोज अर्धा तास झपाझप चालणे आणि ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचे व्यायाम सांगितले आहेत. त्या व्यायामांना सहा महिने द्यावे लागतील, असे ते म्हणाले. नायट्रेट चालू नाही ना, हे विचारून घेऊन आणि हृदयाचा आलेख काढून त्यांनी सिल्डेनाफिलच्या थोड्या गोळ्या लिहून दिल्या. पाच प्रश्नांची प्रश्नावलीही भरून घेतली. २५ पैकी १३ गुण आले आणि तीन महिन्यांनी ती पुन्हा भरायची आहे. पहिले तीन आठवडे कॅप्सूलने फरक का वाटला, असे मी विचारले. ते म्हणाले की काहीतरी उपाय सुरू केल्याच्या दिलाशानेही इतका फरक पडू शकतो, आणि चाचण्यांत रिकाम्या गोळीवरही असे अनेकांना होते.

दगडफूल

आर्जिनिनऐवजी सिट्रुलिन घ्यावे असेही वाचनात येते. त्यात काही तथ्य आहे का?

गुळवेल

विचार चुकीचा नाही. सिट्रुलिन यकृतात तितके मोडले जात नाही आणि पुढे शरीरातच त्याचे आर्जिनिन होते. २०११ च्या एका छोट्या चाचणीत सौम्य तक्रार असलेल्या २४ पुरुषांना महिनाभर रोज दीड ग्रॅम दिले होते, आणि त्यांतल्या १२ जणांची ताठरता पूर्ण कडकपणापर्यंत पोहोचली. रिकाम्या गोळीवर तेवढे साधलेले दोघेच होते. पण २४ माणसांवरून मी कोणालाही ते घ्या असे सांगणार नाही, आणि काठावरचा यांच्याइतका त्रास असलेल्यांवर तर ती चाचणी झालेलीच नव्हती.

उन्हाळपाखरू

भावाचे कळवायचे राहिले होते. तो ठीक आहे. हृदयरोगतज्ज्ञांनी डबी ठेवून घेतली आणि औषध प्रशासनाकडे तपासणीसाठी पाठवण्याचे कबूल केले. अहवाल आला की इथे लिहीन. माझीही साखर आणि रक्तदाब तपासून घेण्यासाठी गुरुवारची वेळ घेतली आहे.